भाच्यांचं पालकत्व नको, हे ताईला कसं सांगायचं?

‘माझी मोठी नणंद आणि तिचे यजमान मृत्युपत्र करतायत. दोघांचं काही बरंवाईट झालं तर मुलांचे पालक म्हणून त्यांना आमची नावं घालायची आहेत. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. आम्हाला मूल नाही, ते आम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय. भाचरं लाडकी आहेत, पण त्यांना वाढवणं आमच्याने होणार नाही. नवरा म्हणतो, “हो म्हणून टाकू, वेळ थोडीच येणार आहे?” काय करावं?’

‘हो म्हणून टाकू’ तेवढं करू नका. वेळ बहुधा येणार नाही, हे खरंच. पण तुमचा होकार मिळाला की ताई आणि त्यांचे यजमान दुसऱ्या कुणाचा विचार करणं थांबवतील. तोंडदेखल्या होकाराची खरी किंमत ती आहे.

कायद्याचं थोडं सांगते, कारण या भीतीतला बराच भाग गैरसमजाचा असतो. हिंदू कुटुंबाच्या बाबतीत १९५६ चा अज्ञानत्व आणि पालकत्व कायदा लागतो. वडिलांनी मृत्युपत्रात कुणाचं नाव घातलं आणि आई हयात असली, तर पालक आईच असते, ते नाव लागू होत नाही. म्हणजे तुमचा प्रश्न येतो तो दोघंही गेले तरच. तेव्हाही मृत्युपत्रात नाव आहे म्हणून कुणी तुमच्या गळ्यात मुलं बांधू शकत नाही. १८९० च्या पालक कायद्यात तर स्पष्टच आहे, की कोर्टाने कुणालाही त्याच्या मर्जीविरुद्ध पालक नेमू नये. पण ‘आम्हाला जमणार नाही’ हे तुम्ही त्या दिवशी सांगितलंत, तर ते ऐकून दुसरं नाव लिहायला ताई नसतील. कोर्टात अर्ज कुणी करायचा, मुलं तोवर कुणाकडे राहणार, आजीला झेपेल का, ही सगळी ओढाताण तुमच्यासमोर आणि मुलांसमोर होईल. आज नकार दिला तर त्यांना फक्त मसुद्यातली एक ओळ बदलायची आहे.

माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याचं सांगते. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) प्रश्न जवळपास तुमचाच. फरक एवढाच, की बहिणीने विचारलं तेव्हा भाऊ ‘बघू गं’ म्हणाला होता. आपल्याकडे भावाचं ‘बघू’ म्हणजे होच. वकिलांच्या मसुद्यात दोघांची नावं आधार क्रमांकासकट टाइप होऊन आली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले.

मी पहिल्यांदा विचारलं, सांगणार कोण? दोघांनी एकदमच ‘ही’ आणि ‘मी’ असं उत्तर दिलं. बोलण्यात वहिनी जास्त नीट, म्हणून तिने सांगायचं असं ठरलेलं होतं. ते मी बदलायला लावलं. वहिनीच्या तोंडून नकार गेला की पुढची वीस वर्षं घरात एकच वाक्य चालतं, ‘भाऊ तयार होता, हिने नको म्हटलं.’ ज्याची बहीण, त्याने बोलायचं. बायकोने शेजारी बसायचं आणि तोंडात ‘आम्ही’ हा शब्द असायचा.

मग कारणं. त्यांनी यादीच आणली होती. फ्लॅट लहान, नोकरीत बदल्या, वहिनीची पाठदुखी. सगळी खरी होती, पण एकही मूळ कारण नव्हतं. अशा कारणाला समोरच्याकडे उपाय असतो. ‘फ्लॅट लहान आहे’ म्हटलं की दाजी म्हणणार, विम्याचे पैसे येतील की, मोठा घ्या. पाठदुखीवर बाई ठेवता येते. प्रत्येक उपायावर तुम्ही नवी सबब काढत राहता आणि शेवटी मूळ नकार सोडून खोटेपणाच तेवढा उघडा पडतो. म्हणून आम्ही एकच वाक्य ठरवलं आणि त्याने ते माझ्यासमोर दोन-तीनदा म्हणून पाहिलं, कारण पहिल्या वेळी त्याच्या तोंडून ‘तसं काही नाही गं, पण...’ असंच सुरू झालं.

‘ताई, तू आमच्यावर एवढा विश्वास टाकलास, ते मला कळतंय. आम्ही दोघांनी नीट विचार केला. मुलं वाढवायची जबाबदारी आम्ही घेऊ शकणार नाही. म्हणून पालक म्हणून आमची नावं घालू नकोस.’

यात ‘सध्या’, ‘बहुतेक’, ‘बघू’ नाही. मूल का नाही याचा खुलासाही नाही, तो कुणाला देणं लागत नाही.

सणाच्या गर्दीत, आईसमोर किंवा मुलं आतल्या खोलीत असताना बोलायचं नाही, एवढं ठरलं. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. तो रविवारी दुपारी ताईकडे गेला. मुलं क्लासला गेली होती.

ताईने ऐकलं आणि म्हणाली, ‘मग माझ्या पोरांनी काय अनाथाश्रमात जायचं? तुम्हाला तर मूलही नाही.’

दुसरं वाक्य झोंबणारंच. मूल नसलेल्या जोडप्याकडे मोकळी जागा असते, असं लोकांनी गृहीतच धरलेलं असतं. या वाक्याला उत्तर द्यायला गेलं की विषय तुमच्या मूल नसण्याकडे वळतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही असं आधीच ठरलं होतं. भाऊ गप्प बसला. त्याच्या मते फार वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘तुझी काळजी खरी आहे. म्हणूनच आत्ता सांगतोय, दुसरं कुणी ठरवायला वेळ मिळावा म्हणून. आमचं उत्तर तेच आहे.’

त्या दिवशी एवढंच झालं. चहा न पिता तो परतला. रात्री आईचा फोन आला, ‘असं कसं बोललास?’ आईलाही तेच वाक्य, आवाज न चढवता.

एक गोष्ट त्याने मागाहून केली. हाच पठ्ठ्या बँकेत आहे, हिशेबात पक्का. मुलाचं पालकत्व दोन प्रकारचं असू शकतं, देखभालीचं आणि मालमत्तेचं. मृत्युपत्रात दोन्हीला वेगवेगळी माणसं नेमता येतात. मालमत्तेचं काम त्याला खरंच पेलणारं होतं, फ्लॅट-जमीन विकायची तर कोर्टाची परवानगी लागते हे कळल्यावरसुद्धा. पण ते त्याच बैठकीत पुढे करू नकोस, असं मी बजावलं होतं. नकाराच्या पाठोपाठ दिलेलं काहीही ‘बरं मग निम्मं तरी’ अशा घासाघिशीत जातं. महिनाभराने ताई स्वतः बोलायला लागल्यावर त्याने ते सुचवलं. तुम्हाला असं काही मनापासून जमणारं नसेल, तर काहीच सुचवू नका. नकाराची भरपाई म्हणून दिलेला शब्द पुन्हा त्याच जागी आणून सोडतो.

ताईचा राग लगेच गेला नाही. त्या वर्षी भाऊबीज झाली, पण जेवण आटोपशीर. पुढे दाजींच्या चुलत बहिणीला विचारलं गेलं. तिला स्वतःची दोन मुलं आहेत आणि तिने दोन आठवडे मागून घेऊन होकार दिला.

तुम्ही बोलून झाल्यावर दोन ओळींचा मेसेज जरूर पाठवा: ‘काल बोललो त्याप्रमाणे पालक म्हणून आमची नावं मृत्युपत्रात नकोत. वकिलांना तसं कळव.’ आणि दोन साक्षीदारांसमोर सह्या होण्याआधी ताईंना एकदा विचारा, मसुद्यातून नावं निघाली का. त्या जोडप्याची नावं पहिल्या पानावरून गेली होती, शेवटच्या परिच्छेदात तशीच राहिली होती.