घराबाहेर पडताना लावलेलं रिमाइंडर उशिरा का वाजतं?

प्रश्न: "घर सोडताना 'डबा, किल्ली घेतली का?' असं विचारणारं लोकेशनवरचं रिमाइंडर फोनमध्ये लावलंय. पण ते वाजतं तेव्हा मी पार स्टॉपवर पोचलेलो असतो, आणि कधीकधी वाजतच नाही. माझं काही चुकतंय का?"

उशिरा वाजण्यात तुमची चूक नाही, त्या सोयीची रचनाच तशी आहे. वाजतच नाही ही वेगळी भानगड आहे, त्यावर शेवटी येतो.

फोन घराभोवती एक वर्तुळ धरतो आणि तुम्ही त्याबाहेर गेलात की वाजतो. पण हे वर्तुळ दाराएवढं लहान करता येत नाही. घरात उपग्रहांचा सिग्नल धड मिळत नाही, म्हणून फोन आसपासच्या वाय-फायवरून जागेचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज २०-५० मीटर इकडेतिकडे सरकतो. वर्तुळ फार लहान असेल तर तुम्ही पलंगावर आडवे असतानाही फोन म्हणेल, "निघालात!" म्हणूनच अँड्रॉइडच्या डेव्हलपरांना त्रिज्या किमान १०० ते १५० मीटर ठेवायला सांगितलेलं आहे. शिवाय बॅटरी वाचवायला फोन जागा सारखी तपासत नाही, त्यामुळे आणखी दोन-तीन मिनिटं सहज जातात. आयफोन तर सीमा ओलांडल्यावरही खात्री करायला २० सेकंद थांबतो.

आता हिशोब करा. चालताना आपण मिनिटाला साधारण ८० मीटर जातो. १०० मीटरचं वर्तुळ आणि वर दोन मिनिटांची दिरंगाई धरली तर रिमाइंडर वाजतं तेव्हा तुम्ही घरापासून २६० मीटरवर असता. परत जाऊन पुन्हा तिथवर यायचं म्हणजे साडेसहा मिनिटं. गाडीवर ताशी २० किलोमीटरने निघालात तर हेच अंतर पाऊण किलोमीटरच्या वर जातं. कागदपत्रांसाठी माणूस एवढं परत फिरेलही. पण ओढलं की आपोआप बंद होणारं दार असेल, तर किल्लीची आठवण २६० मीटरवर होऊन उपयोग काय? मी स्वतः एकदा जिन्यात बसून कुलूपवाल्याची वाट पाहिली आहे. फोन व्यवस्थित वाजला होता, हे विशेष.

म्हणून फोनला 'बाहेर पडला' हे विचारण्यापेक्षा 'निघायच्या तयारीत आहे' हे ओळखायला लावा. मी आधी वाय-फाय तुटलं की वाजेल असं करून पाहिलं. जिन्यातच वाजायचं, पण राउटर बंद-चालू झाला की घरात बसल्या बसल्याही वाजायचं. आठवड्याभरात बोट न वाचताच ते बाजूला सारायला शिकलं, आणि मग खरं रिमाइंडरही तसंच सरकवलं गेलं.

टिकलं ते चार्जरचं. चार्जर दाराजवळच्या प्लगला लावला. उठल्यावर फोन तिथे जातो आणि निघतानाच काढला जातो. अँड्रॉइडवर MacroDroid या ॲपमध्ये चार्जर काढल्याचा ट्रिगर घेतला, त्याला सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते ८:४० अशी अट घातली आणि फोनला बोलायला लावलं: "किल्ली, डबा, ओळखपत्र." आवाज हवाच, कारण तेव्हा नजर बुटांवर असते. आणि तीनच वस्तू. मी सात ठेवल्या होत्या, तेव्हा तिसरीनंतर ऐकतच नव्हतो. आयफोनवर Shortcuts च्या Automation मध्ये Charger हा ट्रिगर आहे. वेळेची अट मात्र शॉर्टकटच्या आत If लावून द्यावी लागते.

लोकेशनचं रिमाइंडर काढून टाकू नका. ज्या वस्तूसाठी पाऊण किलोमीटरवरूनही परत फिराल, तेवढ्या एकीसाठी ते ठेवा. उदाहरणार्थ, मुलाखतीच्या दिवशीची मूळ प्रमाणपत्रं.

आता 'वाजतच नाही' याबद्दल. अँड्रॉइडवर त्या ॲपला लोकेशनची परवानगी 'फक्त ॲप वापरताना' अशी असेल तर खिशातल्या फोनला तुम्ही निघाल्याचं कळतच नाही. Allow all the time लागतं. त्याच ॲपवर बॅटरी बचतीची बंधनं असतील तर तीही काढा. फोन बंद करून चालू केला की ही वर्तुळं पुसली जातात आणि ॲपला ती नव्याने नोंदवावी लागतात. सगळी ॲपं हे नेमाने करत नाहीत, तेव्हा रीस्टार्टनंतर ॲप एकदा उघडून पाहा. मग फोन खिशात ठेवून ४०० मीटर चालून या. चालताना नकाशा उघडू नका. नकाशा जीपीएस जागं करतो, त्यामुळे चाचणीत रिमाइंडर चटकन वाजतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा स्टॉपवरच.