सही करता येत नाही, तर खातं कसं चालवायचं?

प्रश्न: आईच्या दोन्ही हातांची बोटं वाकली आहेत, सही तर सोडाच, अंगठाही नीट उठत नाही. बँक म्हणते, सहीशिवाय पैसे मिळणार नाहीत. काय करावं?

उत्तर: मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार हाताचा किंवा पायाचा अंगठा चालतो. तोही उमटत नसेल तर चेकवर किंवा पैसे काढण्याच्या स्लिपवर नुसती खूण पुरते. दोन साक्षीदार लागतात, दोघंही बँकेच्या ओळखीचे, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी.

लोक चुकतात ते खुणेत. तुम्ही आईच्या वतीनं स्वतःच फुली मारून आणलीत तर ती आईची खूण होत नाही. पेनचा आईशी प्रत्यक्ष स्पर्श हवा. माझ्या काकांच्या वेळी पेन त्यांच्या मनगटाला टेकवून मी धरलं आणि अधिकाऱ्यासमोर फुली काढली. त्याआधी घरून खूण करून नेलेली स्लिप परत आली होती.

पैसे कोण घेणार, हे आईनं बँकेला सांगायचं. त्या माणसाची ओळखही दोन साक्षीदार पटवतात आणि तो आपली सही बँकेला देतो. दर महिन्याला हे नको असेल तर आईकडून अधिकारपत्र किंवा मुखत्यारपत्र करून घ्या, तिथंही खूण साक्षीदारांसमोरच. आई गेल्यावर मात्र ते आपोआप संपतं, मग त्यावर पैसे काढू नका. आणि तिची समज शाबूत आहे, तेव्हा कोर्टाकडून पालक नेमून आणा म्हणाले तर ऐकू नका.