कडेने वाफ येत असेल तर शिट्टीची वाट बघू नकोस

रत्नागिरीच्या हॉस्टेलवर नवा आलायस, म्हणून सांगतो. पहिल्या वर्षी मी आणि माझा रूममेट रात्रभर भिजवलेले काळे वाटाणे कुकरला लावून तासभर बसलो. शिट्टी नाही, वाटाणे टणक. झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसत होती. गॅस्केट सैल पडलं होतं. वाफ निसटली की दाब वाढत नाही, आणि इथं समुद्रकाठी पाणी १०० अंशांना उकळून तिथंच थांबतं. आच वाढवलीस तर फक्त लवकर आटतं.

गॅस्केट बदललं. आता कोंडलेली वाफ पाण्यावरच दाब देऊ लागली. बाहेरच्या हवेच्या जवळपास दुप्पट दाब झाला, की पाण्याला उकळायला सुमारे १२० अंश लागतात. त्या उष्णतेत वाटाणे लोण्यासारखे शिजले! शिट्टी झाली की गॅस बारीक कर, तापमान तेवढंच राहतं.