फ्रेशरला पगार वाढवून मागता येतो का? अनुभव शून्य, फक्त सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि कॅम्पसची एक ऑफर हातात आहे.

येतो, पण सगळीकडे नाही. कॅम्पसवर एका दिवसात शंभर पोरं उचलणाऱ्या कंपनीचं पॅकेज वरूनच ठरून येतं, तिथल्या एचआरशी घासाघीस करून उपयोग नसतो. वाळूज-शेंद्र्यातल्या मध्यम कारखान्यात मात्र प्लांट हेड किंवा मालकच आकडा ठरवतो. बोलायचं तिथे.

मी नांदेडचा, मेकॅनिकल. वाळूजला फिक्श्चर बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा महिने इंटर्न होतो. त्यांनी ३ लाखांची ऑफर दिली. कॅम्पसमधून पुण्याची ३.६ लाखांची आधीच होती. ‘सर, तिकडे साठ हजार जास्त देतायत’ एवढंच बोलायचं मी ठरवलं होतं. रूमवरच्या दादाने दोन्ही पत्रं मागितली आणि वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला.

पुण्याचे महिन्याला ३०,००० दिसत होते. त्यातले ३,००० व्हेरिएबल, म्हणजे वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. बेसिक १५,०००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे साधारण ७२०, हेही पॅकेजमध्येच धरलेले. मग माझ्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २००. हातात उरले २२,४८०. वाळूजच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल नव्हतं, तिथे हातात २१,२०० येत होते. म्हणजे फरक महिन्याला जेमतेम तेराशेचा, आणि पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं तर तोही उरला नसता.

त्यामुळे बोलणंच बदललं. ऑफर लेटर आल्यावर, सही करण्याआधी, मी प्लांट हेडना भेटलो. सोबत मी काढलेल्या अकरा फिक्श्चरची ड्रॉइंग्ज नेली. त्यातली नऊ दुरुस्तीशिवाय शॉपवर गेली होती. म्हणालो, “सर, नवीन मुलगा घेतला तर तीन महिने त्याला मशीन आणि टॉलरन्स शिकवण्यात जातील. मी सोमवारपासून काम काढू शकतो. साडेतीन धरा.” पुण्याचं पत्र त्यांनी विचारल्यावरच दाखवलं. ते म्हणाले, “साडेतीन नाही जमत.” मी गप्प बसलो. (हे सगळ्यात अवघड, तोंड आपोआप ‘चालेल सर’ म्हणायला लागतं.) शेवटी ३.३० वर ठरलं. हातात सुमारे २३,३००, पुण्यापेक्षा जास्त.

नसलेली ऑफर मात्र सांगू नका. माझ्या बॅचमेटने सांगितली, एचआरने पत्र मेल करायला सांगितलं आणि पोरगं परत फोन करायला धजलं नाही. आणि एका ऑफरला होकार दिल्यावर तुमचं कॉलेज दुसऱ्या ड्राइव्हला बसू देतं का, हे टीपीओ सरांना आधी विचारा. बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.

एक चूक मात्र मी केली. “सहा महिन्यांनी बघू, वाढवू” असं साहेब तोंडी म्हणाले आणि मी ते पत्रात लिहून घेतलं नाही. सहा महिन्यांनी साहेबच बदलले होते. नव्या साहेबांनी माझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, “यात तर काही नाही.”