डॉर्मंटची रेघ 90 दिवसांवरच का?

प्रश्न: आम्ही शेवटच्या ऑर्डरला किती दिवस झाले ते बघून ग्राहकांना लेबल लावतो: 30 दिवसांपर्यंत अ‍ॅक्टिव्ह, 31 ते 90 लॅप्सिंग, त्यापुढे डॉर्मंट. हे आकडे कुणीतरी अंदाजाने टाकलेत. ते बरोबर आहेत हे कसं ठरवायचं? आणि गेल्या आठवड्यात नव्याने डॉर्मंट झालेले एकदम तिप्पट दिसतायत, स्क्रिप्ट बिघडली आहे का?

उत्तर:

तिप्पटचं आधी बघू, कारण ते पाच मिनिटांत कळतं. त्या आठवड्यात ज्यांचं लेबल लॅप्सिंगवरून डॉर्मंटवर गेलं तेवढेच ग्राहक वेगळे काढा आणि त्यांच्या शेवटच्या ऑर्डरची तारीख बघा. बहुतेकांची तारीख एकच निघाली, तर साधारण 3 महिन्यांपूर्वी तुमच्याकडे एखादा सेल किंवा मोठी ऑफर झाली असणार.

समजा, सेल 15 जानेवारी 2025 ला होता. त्या एका दिवशी खूप लोकांनी ऑर्डर दिली आणि त्यातले 600 जण पुन्हा फिरकलेच नाहीत. या 600 जणांचं घड्याळ एकाच दिवशी सुरू झालंय. म्हणून ते सगळे 15 फेब्रुवारीला, 31व्या दिवशी, एकत्र लॅप्सिंगमध्ये जातात आणि 16 एप्रिलला, 91व्या दिवशी, एकत्र डॉर्मंट होतात. एरवी दिवसाला 40 जण डॉर्मंट होत असतील तर आठवड्याचे 280 होतात. सेलवाला दिवस ज्या आठवड्यात येतो त्यात 240 अधिक 600, म्हणजे 840. झाले तिप्पट. एप्रिलमध्ये काहीच बिघडलेलं नाही, जानेवारीतल्या गर्दीचा तो पडसाद आहे. कट-ऑफ ठरलेले असले की हा पडसाद कोणत्या तारखेला येणार हे सेलच्या दिवशीच कॅलेंडरवर लिहून ठेवता येतं. आम्ही तसं लिहून ठेवायला लागल्यापासून सोमवारच्या मीटिंगमधली निम्मी चर्चा संपली.

तारखा एका दिवसावर न जमता पसरलेल्या असतील तर दुसरी शंका घ्या. `orders` टेबलमधली सगळ्यात अलीकडची `order_date` कोणती आहे? डेटा 3 दिवसांपूर्वी यायचा थांबला असेल आणि स्क्रिप्ट `CURRENT_DATE` वापरत असेल, तर प्रत्येक ग्राहकाचं वय रोज एक दिवसाने वाढत राहतं, पण ज्यांनी मधल्या काळात ऑर्डर दिली ते परत शून्यावर येत नाहीत. याची खूण अशी की डॉर्मंट वाढतात त्याच वेळी अ‍ॅक्टिव्हही झरझर घटतात. म्हणून हिशेब आजच्या तारखेवर करू नका. ज्या दिवसापर्यंतचा डेटा पूर्ण आलाय ती तारीख घ्या. दोन्हीपैकी काहीच सापडलं नाही, तरच ग्राहक खरोखर तुटतायत का हे शोधायला लागा.

आता मुख्य प्रश्न: 90 कुठून आणायचा?

बहुतेक जण जे करतात तेच मीही पहिल्यांदा केलं. दोन ऑर्डरींमधल्या अंतराची सरासरी काढली आणि तिची दुप्पट म्हणजे डॉर्मंट असं ठरवून टाकलं. आकडा छान दिसत होता, पण चुकीचा होता. अंतर मोजायला दुसरी ऑर्डर लागते. जो एकदाच घेऊन गेला त्याचं अंतर हिशेबात येतच नाही, आणि आपल्याला शोधायचेत ते नेमके असेच लोक. शिवाय ज्याच्या 24 ऑर्डरी आहेत त्याची 23 अंतरं मोजली जातात आणि ज्याच्या 2 आहेत त्याचं एकच. त्यामुळे सरासरीवर नेहमीच्या ग्राहकांची छाप पडते आणि ती खऱ्यापेक्षा कमी दिसते.

त्याऐवजी भूतकाळातल्या एका तारखेवर जाऊन उभे राहा. समजा, 30 जून 2024. त्या दिवसापर्यंतच्याच ऑर्डरी धरायच्या, पुढचं काही माहीत नाही असं समजायचं आणि प्रत्येक ग्राहकाचे दिवस मोजायचे. मग पडदा उघडायचा: पुढच्या 60 दिवसांत, म्हणजे 29 ऑगस्टपर्यंत, त्यातल्या कितींनी ऑर्डर दिली? यात न परतलेलेही मोजले जातात, हीच या पद्धतीची खरी गंमत.

समजुतीसाठी 10,000 ग्राहक घेऊ. शेवटची ऑर्डर 30 दिवसांच्या आत असलेले 3,000 होते, त्यातले 1,650 परत आले, म्हणजे 55 टक्के. 31 ते 60 दिवसवाले 1,500, परतले 480, म्हणजे 32 टक्के. 61 ते 90 मध्ये 1,200 पैकी 216, म्हणजे 18 टक्के. 91 ते 120 मध्ये 1,000 पैकी 80, म्हणजे 8 टक्के. त्यापुढे 180 दिवसांपर्यंत 1,300 पैकी 78, म्हणजे 6 टक्के, आणि 180 च्या वरच्या 2,000 पैकी 100, म्हणजे 5 टक्के.

हे आकडे कागदावर उतरवून बघा. 55, 32, 18, 8 अशी घसरगुंडी आहे आणि मग 8, 6, 5 असं जवळजवळ सपाट. घसरगुंडी जिथे संपते तिथे डॉर्मंटची रेघ. त्यापुढे ग्राहक 100 दिवस गप्प आहे की 200 दिवस, याने फारसा फरक पडत नाही. या उदाहरणात 90 बरोबर ठरतो. तुमच्या डेटात सपाट भाग 60 लाच सुरू झाला तर 90 म्हणजे तुम्ही महिनाभर अशा लोकांना लॅप्सिंग म्हणताय जे केव्हाच गेलेत. सपाट भाग 150 ला सुरू झाला तर उलट चूक होतेय. 30 दिवसांचे गट ढोबळ वाटले तर 15 चे करा, पण गटात निदान काहीशे ग्राहक राहू द्या, नाहीतर टक्केवारी उगाच नाचते.

अ‍ॅक्टिव्ह आणि लॅप्सिंगमधली रेघ एवढी स्वच्छ सापडत नाही. तिथे मी विचारतो की लॅप्सिंग झाल्यावर आपण करणार काय. आठवणीचा मेसेज पाठवून उत्तराची वाट बघायची असेल, तर 18 टक्क्यांवर आलेल्यापेक्षा 32 टक्क्यांवर असलेल्याला गाठणं बरं. म्हणून 30. तुमची टीम काहीच करणार नसेल तर ही रेघ निव्वळ रिपोर्टाची शोभा आहे, कुठेही ओढा.

हा प्रयोग एकाच तारखेवर करून थांबू नका. वर्षातल्या 3-4 वेगवेगळ्या तारखा घ्या. सेलच्या आदल्या दिवशी उभे राहिलात तर गेलेले लोकही परतलेले दिसतील. सपाट भाग दर वेळी साधारण त्याच जागी सुरू होत असेल तर आकडा पक्का करा आणि वर्षभर त्याला हात लावू नका. पुढे बदलावाच लागला तर जुन्या महिन्यांची लेबलंही नव्या आकड्याने पुन्हा काढा. ऑर्डरी आहेतच, त्यामुळे ते शक्य असतं. नाहीतर ग्राफमध्ये एक पायरी दिसते आणि सहा महिन्यांनी ती का आली हे कुणालाच आठवत नाही.

क्वेरीचा साचा हा घ्या (पोस्टग्रेससाठी, तिथे तारखेतून तारीख वजा केली की थेट दिवस मिळतात):

```sql
SELECT c.customer_id,
  CASE
    WHEN MAX(o.order_date) IS NULL THEN 'no_order'
    WHEN DATE '2025-04-16' - MAX(o.order_date) <= 30 THEN 'active'
    WHEN DATE '2025-04-16' - MAX(o.order_date) <= 90 THEN 'lapsing'
    ELSE 'dormant'
  END AS label
FROM customers c
LEFT JOIN orders o
  ON o.customer_id = c.customer_id
 AND o.status <> 'cancelled'
 AND o.order_date <= DATE '2025-04-16'
GROUP BY c.customer_id;
```

यातली पहिली `WHEN` ओळ काढून टाकली तर एरर येत नाही, म्हणूनच ती चूक टिकते. ज्याने कधीच ऑर्डर दिली नाही त्याची तारीख `NULL`, `NULL` ची तुलना कधी खरी ठरत नाही, आणि तो गुपचूप `ELSE` मधून डॉर्मंटमध्ये जाऊन बसतो. नुसतं खातं उघडून गेलेल्यांना आपण 'गमावलेले ग्राहक' म्हणून मोजत राहतो. `cancelled` आणि तारखेच्या अटी `WHERE` मध्ये नेल्या तर मात्र उलटं होतं: हे लोक यादीतूनच गायब होतात. भूतकाळात उभं राहायचं तेव्हा फक्त तारीख बदला, पण सगळ्या जागी बदला. `JOIN` मधली विसरलात तर नंतरच्या ऑर्डरी आत शिरतात, दिवस उणे येतात आणि उणे आकडा 30 पेक्षा लहान असल्याने तो ग्राहक अ‍ॅक्टिव्ह ठरतो.

आणखी एक. डॉर्मंटचा एकूण आकडा रिपोर्टात मोठ्या अक्षरात लावू नका. त्या गटातून बाहेर पडायचा रस्ता एकच, पुन्हा ऑर्डर देणं. आत येणाऱ्यांपैकी बहुतेक तिथेच राहतात, त्यामुळे धंदा छान चालला असला तरी तो आकडा वर्षानुवर्षं वाढतच जातो. आठवड्यात किती जण नव्याने डॉर्मंट झाले आणि किती जण तिथून परत आले, हे दोन आकडे पुरतात.

परत आलेल्यांबद्दल मात्र जपून. ज्या ग्राहकाची सवयच 100 दिवसांनी एकदा घेण्याची आहे तो दर खेपेला 91व्या दिवशी डॉर्मंट होतो, 95व्या दिवशी त्याला तुमचं कूपन जातं आणि 100व्या दिवशी तो नेहमीसारखी ऑर्डर देतो. मोहीम यशस्वी म्हणून टाळ्या पडतात आणि सवलत फुकट गेलेली असते. दर 7 दिवसांनी घेणारा 28 दिवस गप्प बसला तरी तुमच्या लेबलात अ‍ॅक्टिव्हच असतो, तो प्रकार याहून वाईट. असे लोक तुमच्याकडे किती आहेत हे बघायला निदान 5 ऑर्डरी झालेल्यांचं प्रत्येकाचं दोन ऑर्डरींमधलं नेहमीचं अंतर काढा. बहुतेकांचं अंतर एकमेकांच्या आसपास असेल तर सगळ्यांना एकच कट-ऑफ चालेल. दोन वेगळे ढीग दिसले, एक आठवड्याभोवती आणि एक 3 महिन्यांभोवती, तर त्यांना वेगळे गट माना आणि वर सांगितलेला प्रयोग प्रत्येक गटावर वेगळा करा. ज्यांच्या 1-2 च ऑर्डरी आहेत त्यांची सवय अजून कळलेलीच नसते, त्यांना सगळ्यांचाच कट-ऑफ लावायचा.