पाय मुरगळला की मोडला?

पायरीवरून पाय मुरगळला. डॉक्टर स्प्रेन म्हणाले, शेजारी म्हणतात फ्रॅक्चर असेल. स्ट्रेन आणि डिसलोकेशन म्हणजे काय?

स्प्रेन म्हणजे हाडांना जोडणारं लिगामेंट ताणलं किंवा फाटलं. घोट्यात बहुतेकदा बाहेरच्या बाजूचं, कारण पाऊल आत वळतं. स्ट्रेनमध्ये स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारा टेंडन दुखावतो. धावताना मांडीमागे लचक भरते तशी. फ्रॅक्चर म्हणजे हाड मोडणं, बारीक तडाही त्यातच आला. डिसलोकेशनमध्ये सांधा निखळतो. तो घरी ओढून अजिबात बसवू नका, नस दुखावू शकते.

सूज स्प्रेनमध्येही भरपूर येते, तिच्यावरून ठरवू नका. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढाच.