एक्स-रे नॉर्मल आला, मग जांघेत दुखतंय कशाने?

"ताई, मी २० वर्षांची आहे, १० किलोमीटर पळते. तीन आठवडे झाले उजव्या जांघेत दुखतंय, आधी फक्त पळताना दुखायचं, आता जिना चढतानापण. एक्स-रे नॉर्मल आला, स्नायू ओढला गेलाय म्हणाले. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे. गोळी घेऊन पळलं तर चालेल का?"

नाही गं, पळू नकोस. हे खुब्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे रोजच्या ताणाने हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतं. खुब्याचा एमआरआय होईपर्यंत अजिबात पळायचं नाही आणि चालताना दुखत असेल तर आजच कुबड्या घे. एवढं ठामपणे का सांगतेय ते कळावं म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मुलीची गोष्ट सांगते, तिला इथे वृषाली म्हणूया, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

वृषाली १९ वर्षांची, ५००० मीटर पळणारी, हॉस्टेलला राहायची. मी खेळाडूंच्या आहाराचं समुपदेशन करते, त्यामुळे ती दुखण्यासाठी आलीच नव्हती, सरांनी दोन किलो कमी करायला सांगितलंय म्हणून डाएट विचारायला आली होती. मी खिडकीत उभी होते, खाली रिक्षा थांबली, आणि ही पोरगी उतरताना उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवत होती. आत आल्यावर वजनाचं बाजूला ठेवून मी आधी तेच विचारलं. "काही नाही मॅडम, जांघेत स्नायू ओढलाय, एक्स-रे नॉर्मल आहे." तुझ्यासारखंच. रात्री कूस बदलताना दुखतं का म्हटलं तर हो म्हणाली, आणि गेल्या आठवड्यापासून गुडघ्याच्या वरपण दुखतंय म्हणाली. खुब्याचं दुखणं असं बऱ्याचदा गुडघ्याकडे उतरतं, त्यामुळे लोक गुडघ्यालाच मलम लावत बसतात.

अशा वेळी कोणीतरी म्हणतंच, एका पायावर उडी मारून दाखव बघू. नडगीच्या दुखण्यात ते एकवेळ ठीक आहे, पण खुब्याचा जरासा संशय असला तरी ही टेस्ट करायचीच नाही, कारण मांडीच्या हाडाच्या मानेला चीर गेलेली असेल तर ती त्या एका उडीत पूर्ण तुटू शकते. मी तिला उडीही मारायला लावली नाही आणि डाएटही दिलं नाही, ज्यांच्यासोबत मी काम करते त्या ऑर्थो डॉक्टरांना फोन लावला.

आता मान म्हणजे काय ते सांगते. मांडीचं हाड वर जाऊन आतल्या बाजूला वळतं आणि त्याच्या टोकाला खुब्यात बसणारा गोळा असतो, मधला जो तिरका भाग ती मान. शरीराचं वजन वरून आलं की मानेची खालची-आतली बाजू दाबली जाते आणि वरची-बाहेरची बाजू ताणली जाते. वाळकी फांदी वाकवून बघ, ती तडकते ती ताणाच्या बाजूने. म्हणून खालच्या बाजूची छोटी चीर बहुतेक वेळा कुबड्या आणि विश्रांतीने भरते, पण वरच्या बाजूची चीर दर पावलाला उघडत जाते, तिथे डॉक्टर शक्यतो वाट न बघता स्क्रू घालतात. आणि मान जर सरकून तुटली तर गोळ्याकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या मानेवरूनच जातात, त्या तुटल्या की गोळा रक्ताविना मरायला लागतो, विशीतल्या पोरीला खुबा बदलायची वेळ येऊ शकते. जास्त धोक्याच्या इतर जागाही आहेत, नडगीचा पुढचा मधला भाग, पायाच्या कमानीतलं नेव्हिक्युलर हाड, पायाच्या करंगळीमागच्या लांब हाडाचं, म्हणजे मेटाटार्सलचं मूळ, आतला घोटा, कारण तिथे ताण जास्त किंवा रक्तपुरवठा कमी. नडगीच्या आतल्या-मागच्या कडेचं किंवा पावलाच्या मधल्या मेटाटार्सलचं फ्रॅक्चर मात्र सहा-आठ आठवडे पळणं थांबवलं की सहसा जुळतं, त्यामुळे मैत्रिणीचं असंच होतं आणि तिचं आपोआप बरं झालं, या हिशोबाने जाऊ नकोस, आधी जागा कुठली ते बघायचं.

मग एक्स-रे नॉर्मल कसा? एक्स-रेला चीर सहसा तेव्हा दिसते जेव्हा हाड भरायला लागून भोवती नवं हाड धरतं, त्याला दोन-तीन आठवडे ते कधी त्याहून जास्त लागतात, आणि सुरुवातीच्या दिवसांत बहुतेक एक्स-रे कोरेच येतात. मानेचं तर अजून अवघड, कारण ती सांध्याच्या पिशवीच्या आत असते आणि हाड भरताना ज्या बाहेरच्या पापुद्र्यातून नवं हाड उगवतं तो पापुद्रा तिथे जवळजवळ नसतोच, म्हणून बाहेरून गाठ धरलेली दिसतच नाही. म्हणजे नॉर्मल एक्स-रेने फक्त एवढंच कळतं की हाड सरकलेलं नाही. एमआरआयमध्ये हाडाच्या आतली सूज दिसते, ती चिरेच्याही आधी येते, आणि चीर कुठल्या बाजूला, किती लांब तेही कळतं, रेडिएशन नाही आणि बहुतेक वेळा इंजेक्शनही लागत नाही. बोन स्कॅनमध्ये ती जागा पटकन उजळते खरी, पण तो तिथे काहीतरी चाललंय एवढंच सांगतो, कुठल्या बाजूला ते नीट सांगत नाही आणि रेडिएशन वर. सीटी स्कॅनला चीर छान दिसते, नेव्हिक्युलरसाठी तो फार उपयोगी, पण नुसती सूज असेल तर तो चुकवतो. म्हणून खुब्यासाठी आधी एमआरआयच.

वृषालीच्या रिपोर्टमध्ये मानेच्या खालच्या बाजूला सूज आणि एक बारीक काळी रेघ होती, मानेच्या रुंदीच्या अर्ध्यापेक्षा कमी. ऑर्थो डॉक्टर म्हणाले ऑपरेशन नको, सहा आठवडे कुबड्या, आणि आधी पायावर अजिबात भार नाही. तिचे बाबा म्हणाले, "मॅडम, पडली नाही, लागलं नाही, मग हाड चिरलं कसं?" हा खरा प्रश्न.

पळताना हाडाला रोज बारीक इजा होते, शरीर तो भाग आधी खरवडून काढतं आणि मग भरतं. खरवडायला तीनेक आठवडे, भरायला तीनेक महिने, त्यामुळे मधल्या काळात तो भाग कच्चा असतो. वृषालीने पाच आठवड्यांत आठवड्याचं ४० किलोमीटरवरून ७० वर नेलं होतं. पण तिच्या ग्रुपच्या बाकीच्या पोरीही ७० पळत होत्या, त्यांना काही झालं नाही, म्हणून मी तिच्या खाण्याची वही मागितली.

पहाटे पाचला चहा आणि दोन बिस्किटं, की ग्राउंड. दहाला मेसचे पोहे. दुपारी दीड चपाती, भाजी, वरण. संध्याकाळी एखादं केळं. रात्री अर्धी भाकरी आणि भाजी. सोमवार-गुरुवार उपवास. सगळं धरून दिवसाला साधारण १५०० कॅलरी, उपवासाला त्याहूनही कमी. वजन ४६ किलो, हाडं आणि चरबी मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये चरबी १७ टक्के निघाली, म्हणजे चरबी सोडून अंग साधारण ३८ किलो. रोज १२ किलोमीटर पळायला दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी धरली तर ५५० गेल्या. १५०० मधून ५५० वजा, उरल्या ९५०, भागिले ३८, आले २५. ही झाली तिची रोजची उपलब्ध ऊर्जा, म्हणजे पळून झाल्यावर हाडं, पाळी, पचन, सगळ्यासाठी दर किलोमागे उरलेल्या कॅलरी. ४५ च्या आसपास असलं तर शरीर निवांत असतं. अमेरिकेत ॲन लाउक्स यांनी निरोगी तरुण मुलींवर प्रयोग केले होते, पाचच दिवस ही ऊर्जा ३० च्या खाली नेली तर पाळी चालवणाऱ्या हार्मोनची लय बिघडली, आणि ३० पर्यंत उतरवल्यावरच हाड भरण्याच्या खुणाही उतरायला लागल्या होत्या. पाच दिवसांत! वृषालीचं हे किती महिने चाललं होतं कोण जाणे. ३० ही काही लक्ष्मणरेषा नाही आणि वहीवरचा हिशोब दहा-वीस टक्के इकडेतिकडे होतोच, पण २५ हा आकडा आल्यावर पुढचा प्रश्न विचारावाच लागतो.

"पाळी?" म्हटलं तर ती आईकडे बघायला लागली. सात महिने आली नव्हती. आई म्हणाल्या, "प्रॅक्टिस एवढी करते ना, म्हणून नसेल येत, खेळणाऱ्या मुलींचं असं असतंच म्हणतात." मी हे इतक्या घरांत ऐकलंय! सलग तीन महिने पाळी चुकली की स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचंच, थायरॉईड आणि बाकीची कारणंही बघावी लागतात. इस्ट्रोजेन घटलं की हाड खरवडणाऱ्या पेशी मोकाट सुटतात आणि कमी खाल्ल्याने भरणाऱ्या पेशी मंदावतात, दोन्हीकडून मार. पाळी यावी म्हणून गर्भनिरोधक गोळी चालू करून गप्प बसू नका, गोळीने रक्तस्राव होतो पण तो आपला खरा पाळीचा नसतो आणि हाडाचं दुखणं तसंच राहतं. तिचं व्हिटॅमिन डी पण कमी निघालं, ते डॉक्टरांनी भरलं. मुलांनाही हे होतं बरं का, त्यांना पाळीसारखी खूण नसल्याने उशिरा कळतं.

आणि कुबड्यांच्या काळात तिने तीच चूक केली जी बहुतेक खेळाडू करतात. पळत नाही तर खायचं कशाला म्हणून तिने जेवण ११०० वर आणलं. मी परत गणित मांडलं, पळणं शून्य असलं तरी ११०० भागिले ३८ म्हणजे २९, पुन्हा ३० च्या खालीच, फक्त आता हाड भरायचं काम वर आहे. ती रडली, वजन वाढेल म्हणून. मग आम्ही एकदम काही बदललं नाही, आधी उठल्याउठल्या दूध आणि केळं, दहाच्या पोह्यात मूठभर शेंगदाणे, रात्री अर्धीची पूर्ण भाकरी वर तूप, झोपताना लाडू, आणि उपवास फ्रॅक्चर भरेपर्यंत बंद. उपवासाचं तिच्या आजींनीच मिटवलं, म्हणाल्या, "देवाला काय तुझं हाड मोडलेलं आवडेल होय गं?"

सहा आठवड्यांनी परत एमआरआय, सूज उतरलेली. मग पाण्यात चालणं, सायकल, चौदाव्या आठवड्यात एक मिनिट पळणं चार मिनिटं चालणं असं सुरू, दुखलं की मागे. पाळी पाचव्या महिन्यात आली, वजन तेव्हा ४९ होतं आणि सरांना ते आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट सांगितलं. त्या सीझनच्या स्पर्धा गेल्या, ते तिला फार लागलं, खोटं कशाला सांगू.

तर तू आता असं कर. ऑर्थो किंवा स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना "खुब्याचं स्ट्रेस फ्रॅक्चर आहे का बघायचंय" असंच स्पष्ट सांग, नुसतं जांघ दुखते म्हणू नकोस. दुखणं दाबायला गोळी घेऊन चालू नकोस. शेवटची पाळी कधी आली ती तारीख आणि गेल्या तीन दिवसांत काय काय खाल्लं ते कागदावर लिहून ने. रिपोर्टमध्ये चीर मानेच्या वरच्या बाजूला, म्हणजे टेन्शन साइडला लिहिली असेल, किंवा खालच्या बाजूलाच पण मानेच्या अर्ध्यापेक्षा मोठी असेल, तर त्याच दिवशी ऑर्थोला दाखव, अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्याची मिळत असेल तर इमर्जन्सीत जा, आणि जाताना पाय टेकवू नकोस.